पहिली ऑर्डर आली, पैसे जमा झाले आणि तासाभरात ऑर्डर रद्द झाली

कर्वेनगरला आमचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. गेल्या काही वर्षांत निम्मं गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर यादी पाठवायला लागलं. कुणी कागदावर लिहून फोटो काढतं, कुणी बोलून पाठवतं, कुणी "मागच्या महिन्यासारखंच" एवढंच लिहितं. मे २०२४ मध्ये एका जुन्या घरच्या यादीतली तूरडाळ दोनदा राहिली. त्यांनी तक्रार केली नाही, पण पुढच्या महिन्यात यादीही आली नाही. ते मला फार लागलं, आणि जूनमध्ये ठरवलं की आपली स्वतःची वेबसाइट काढायची. गिऱ्हाइकाने माल स्वतः निवडावा, भाव समोर दिसावा, पैसे तिथेच भरावेत.

हे सगळं करताना जिथे अडलो, तिथे मराठीत नीट सांगणारं मला काही सापडलं नाही. म्हणून झालं तसं लिहून ठेवतोय.

१४ जूनला डोमेन म्हणजे साइटचं नाव घेतलं, शेवटी .in असलेलं. पहिल्या वर्षाचे ६४९ रुपये झाले. होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, वर्षाचे ३,५४० रुपये, जीएसटी धरून. साइट बांधण्याचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस आणि त्यावर दुकान मांडून देणारं वूकॉमर्स फुकट मिळतं. माझा भाचा हिंजवडीला नोकरीला आहे. दोन रविवार तो माझ्यासोबत बसला आणि पायाभरणी करून दिली. पुढचं मी रात्री दुकान वाढवल्यावर करत गेलो.

सगळ्यात जास्त वेळ माल चढवण्यात गेला. साबणाची वडी किंवा बिस्किटाचा पुडा चढवणं सोपं आहे. पण वूकॉमर्सला नग कळतो, वजन कळत नाही. दीड किलो पोहे हवे असतील तर खोक्यात १.५ लिहिता येत नाही. म्हणून सुट्या मालाचे पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, पाच किलो असे पर्याय करून प्रत्येकाचा भाव वेगळा टाकावा लागतो. इथेच माझी पहिली चूक झाली. तूरडाळीचा साठा मी वरच्या पातळीवर '५०' असा टाकला. माझ्या मनात पन्नास किलो होते. चाचणी म्हणून पाच किलोचा एक पर्याय विकून पाहिला, तर साठा ४९ वर आला. साइटच्या हिशेबात एक नग गेला होता, मग तो पाव किलोचा असो की पाच किलोचा. हे तसंच सोडलं असतं तर पोतं रिकामं झाल्यावरही साइट डाळ विकत राहिली असती. शेवटी नियम केला की साठ्याची मोजणी फक्त बंद पाकिटांची ठेवायची, आणि सुट्या मालाला नुसतं 'आहे' किंवा 'संपला'. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून माल आला की मी पोती मोजतो आणि त्याच बैठकीत साइटवर खूण बदलतो.

पाकीटबंद वस्तूंसाठी आणखी एक गोष्ट करावी लागते. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल आणि तक्रारीसाठी संपर्क हे साइटवरही दिसलं पाहिजे. नुसता पाकिटाचा पुढचा फोटो टाकून भागत नाही. मी प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा दुसरा फोटो काढला आणि मजकूर टाइपही केला. काट्याची वार्षिक पडताळणी जुलैत येत होती, ती आधीच करून घेतली, कारण आता गिऱ्हाईक समोर नसताना मी वजन करणार होतो. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी टाकला. २० जुलैपर्यंत २१२ वस्तू चढल्या.

मग पैसे घेण्याची सोय. त्यासाठी पेमेंट गेटवे लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यूपीआय किंवा कार्डाने पैसे घेऊन ते आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी. २२ जुलैला ऑनलाइन अर्ज भरला. पॅन, आधार, जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता आणि चालू खात्याचा रद्द केलेला चेक, एवढी कागदपत्रं लागली. २५ जुलैला अर्ज परत आला. कारण एका अक्षराचं होतं. गुमास्त्यावर आणि जीएसटीवर दुकानाच्या नावातला 'श्री' Shri असा आहे आणि बँकेच्या खात्यावर Shree. इतकी वर्षं त्या खात्यावर चेक वटत होते, तेव्हा हे कधी डोळ्यात भरलं नव्हतं.

बँकेत अर्ज दिला, सोबत जीएसटी प्रमाणपत्राची प्रत आणि दुकानाचा शिक्का. दोन खेपा झाल्या आणि ७ ऑगस्टला नाव बदलून आलं. तुम्ही या वाटेला जाणार असाल तर डोमेन घेण्याच्याही आधी ही सगळी कागदपत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवून पाहा. माझे दोन आठवडे वाचले असते.

दुसऱ्या फेरीत साइटची तपासणी झाली. संपर्क, अटी, गोपनीयता, घरपोच सेवा आणि परतावा अशी पानं साइटवर हवीत, असं गेटवेवाल्यांनी कळवलं. भाच्याने कुठूनतरी तयार मजकूर आणून लावला होता. त्यात परताव्याला 'सात दिवसांत मूळ वेष्टनात परत करा' असं होतं. सुट्या पोह्यांना मूळ वेष्टन कुठून येणार? ते पान मी स्वतः लिहिलं. माल हातात देतानाच उघडून पाहा. पसंत नसेल तर तिथल्या तिथे परत घेऊ. नंतर किडका किंवा कमी निघाला तर दोन दिवसांत कळवा, बदलून देऊ किंवा पैसे परत करू. दुकानात आम्ही हेच करत आलो आहोत, ते फक्त कागदावर उतरवलं. १९ ऑगस्टला मंजुरी आली.

२० तारखेला लॅपटॉपवरून दहा रुपयांची काडेपेटी मागवून पाहिली. फोनने क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले, लॅपटॉपच्या पडद्यावर 'धन्यवाद' आलं, ऑर्डर `Processing` झाली, म्हणजे पैसे मिळाले, आता माल भरायचा. सगळं बरोबर आहे असं मी धरून चाललो. २४ ऑगस्टला दुकानाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दुवा पाठवला.

आठवडाभर एकही ऑर्डर नाही. लोक दुकानात येऊन "छान झालीये हो तुमची साइट" म्हणायचे आणि खिशातून यादी काढायचे. मी गल्ल्यावर बसून दिवसातून वीस वेळा फोन बघत होतो.

३१ ऑगस्ट, शनिवार. गणपती ७ सप्टेंबरला होते, म्हणून दुकानात गर्दी होती. दुकान वाढवून घरी आलो, जेवायला बसलो आणि नऊ बावन्नला गेटवेच्या अॅपचा आवाज आला. १,३५० रुपये जमा. बायको म्हणाली, "आधी जेवून घ्या." मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

हात धुऊन साइट उघडली. ऑर्डर क्रमांक ११८७. पहिलीच ऑर्डर आणि हा आकडा कसा, असं तुम्हालाही वाटेल. वर्डप्रेसमध्ये वस्तू, पानं, फोटो आणि ऑर्डरी सगळ्यांना एकाच रांगेतून क्रमांक मिळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं पुढे होतं. ऑर्डरपुढे `Pending payment` लिहिलं होतं. म्हणजे गेटवे म्हणतोय पैसे आले, आणि साइट म्हणतेय पैशांची वाट पाहतोय. मला ई-मेलही आलेला नव्हता. म्हटलं, थोड्या वेळाने आपोआप जुळेल. मी आंघोळ करून आलो, भाच्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. अकराच्या सुमारास पुन्हा पान उघडलं तर ऑर्डर रद्द झालेली. शेजारी साइटने स्वतःच नोंद टाकली होती:

```
Unpaid order cancelled - time limit reached.
```

कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवून साडेतेराशे रुपये भरले होते आणि माझ्याच दुकानाने त्या माणसाची यादी फाडून टाकली होती. त्या क्षणी मला खूप वाईट वाटलं.

सव्वाअकराला भाच्याचा फोन आला. त्याने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पैसे भरल्याची बातमी साइटला दोन वाटांनी कळू शकते. पहिली वाट गिऱ्हाइकाच्या ब्राउझरची. पैसे भरून झाले की तोच ब्राउझर परत आपल्या साइटवर येतो आणि पावती दाखवतो. दुसरी वाट म्हणजे वेबहूक. त्यात गिऱ्हाईक परत येवो न येवो, गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर कळवतो. मी लॅपटॉपवर चाचणी केली तेव्हा पान समोर उघडंच होतं, म्हणून पहिली वाट चालली. पण मोबाइलवर मागवणारा माणूस यूपीआयच्या अॅपमध्ये जातो, पैसे भरल्याची हिरवी खूण बघतो आणि फोन बाजूला ठेवतो. तो ब्राउझरमध्ये परत येतच नाही. आणि दुसरी वाट मी जोडलेलीच नव्हती.

रद्द का झाली? वूकॉमर्सच्या साठ्याच्या सेटिंगमध्ये `Hold stock (minutes)` असा रकाना आहे आणि त्यात मुळात ६० लिहिलेलं असतं. पैसे न आलेल्या ऑर्डरीसाठी माल किती वेळ अडवून ठेवायचा, त्याची ती मुदत. ती संपली की ऑर्डर रद्द होते. आणि `Pending payment` वरून अशी रद्द झालेली ऑर्डर कळवणारा ई-मेल दुकानदाराला येत नाही. गेटवेचं अॅप फोनवर नसतं, तर मला ही ऑर्डर कदाचित गिऱ्हाइकाच्या तक्रारीनेच कळली असती.

"मामा, घाईने काही बदलू नका, आधी दोन्हीकडचं जुळवा," तो म्हणाला. आम्ही फोनवरच जुळवलं. गेटवेच्या नोंदीत ऑर्डर क्रमांक होता, ११८७. रक्कम तीच, फोन नंबर तोच. तिथली स्थिती `Captured` होती, हे महत्त्वाचं. नुसतं `Authorized` असेल तर पैसे अजून आपल्याकडे वळते झालेले नसतात आणि ठरावीक दिवसांत वळते केले नाहीत तर गिऱ्हाइकाला परत जातात. मग मी साइटवर ऑर्डर उघडून स्थिती हाताने `Processing` केली आणि व्यवहाराचा क्रमांक टिपणात लिहिला. लगेच साठ्यातून तुपाची बरणी वजा झाली, मला ई-मेल आला आणि गिऱ्हाइकालाही गेला.

ऑर्डर बंगळूरहून होती. बिलाचा पत्ता तिथला आणि माल पोचवायचा पत्ता कोथरूडचा, ४११०३८. मी सेवा चारच पिनकोडना ठेवली आहे आणि साइट ते माल पोचवायच्या पत्त्यावरून तपासते, म्हणून ऑर्डर आत येऊ शकली. माल बिलाच्याच पत्त्यावर पाठवण्याची सक्ती करणारं एक सेटिंग असतं. ते निवडलेलं असतं तर आईवडिलांसाठी बाहेरगावाहून मागवणारं कुणीही परत गेलं असतं. तुमची साइट असेल तर हे आजच बघून घ्या.

इतक्या रात्री फोन करणं बरं वाटेना. "ऑर्डर मिळाली आहे, उद्या सकाळी अकरापर्यंत पोचवतो," असा निरोप पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "थँक्यू काका, पैसे कट झाले पण मेल आला नाही म्हणून काळजी वाटत होती."

रविवारी सकाळी सात वाजता मी स्वतः माल भरला. इंद्रायणी तांदूळ पाच किलो, तूरडाळ, जाडे पोहे, शेंगदाणे आणि गूळ एकेक किलो, मोदकाची पिठी एक किलो, साबुदाणा अर्धा किलो, खसखस पन्नास ग्रॅम आणि साजूक तुपाची बरणी. प्रत्येक पिशवीवर वस्तू, वजन आणि भाव लिहिला. काट्यावर ठेवलेल्या प्रत्येक पिशवीचा फोटोही काढला, कारण समोर वजन बघणारं कुणी नव्हतं.

साडेदहाला स्कूटरवरून पोचलो. वॉचमनने वर फोन केला आणि मला सांगितलं, "ते म्हणतात काही मागवलेलं नाही." त्याला विनंती करून वर गेलो. दारात आजोबा उभे होते, साखळी न काढता. "आम्ही कुणाला ऑर्डर दिली नाही. पैसेही देणार नाही. तुम्ही जा." त्यांचं काहीच चुकत नव्हतं. फसवणुकीच्या इतक्या बातम्या ऐकून वयस्क माणसाने असंच वागायला हवं. साइटच्या फॉर्मवर फोन नंबर एकच होता, तो बंगळूरहून मागवणाऱ्या त्यांच्या मुलीचा. माल घेणाऱ्याचा नंबर विचारायचं मला सुचलंच नव्हतं. जिन्यात उभं राहून मुलीला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. "बाबा, मी पाठवलंय. आईच्या गुडघ्यांमुळे तिला बाजारात जाता येत नाही ना, म्हणून." साखळी निघाली.

आजी काठी धरून बाहेर आल्या आणि एकेक पिशवी उघडून पाहू लागल्या. डाळ बोटांत चोळून पाहिली, खसखशीचा वास घेतला. गुळापाशी थांबल्या. "हा काळपट आहे. मोदकाचं सारण पिवळं यायला हवं मला." मी म्हटलं, "आजी, गडद गूळ कमी रसायनाचा असतो." त्या म्हणाल्या, "असेल, पण लेकीने फोटो कुठला बघितला?" फोनवर पान उघडून दाखवलं. फोटोतला गूळ पिवळा होता, जूनमधल्या ढेपेचा. ऑगस्टची ढेप वेगळी आली होती आणि फोटो तोच राहिला होता. त्या बरोबर होत्या. परताव्याच्या पानावर लिहिल्याप्रमाणे गूळ तिथल्या तिथे परत घेतला आणि तासाभरात दुकानातल्या दुसऱ्या ढेपेतला फिका गूळ नेऊन दिला. त्याच रात्री सुट्या मालातल्या गूळ, तांदूळ आणि डाळींचे फोटो नव्याने काढले. आता लॉट बदलला की फोटो बदलतो आणि खाली लॉटचा महिना लिहितो.

सोमवारी दुपारी वेबहूक जोडला. गेटवेला साइटशी जोडणाऱ्या पेमेंटच्या प्लगइनमध्ये एक पत्ता दिलेला असतो, तो गेटवेच्या वेबहूकच्या पानावर चिकटवायचा. एक गुप्त शब्द ठरवून दोन्हीकडे तोच लिहायचा. पैसे जमा झाल्याची घटना निवडायची. अर्ध्या तासाचं काम होतं. या वेळी चाचणी मोबाइलवरून केली. काडेपेटी मागवली, यूपीआयने पैसे भरले आणि मुद्दाम साइटवर परत न जाता ब्राउझर बंद केला. दीड मिनिटात ऑर्डर आपोआप `Processing` झाली. हीच चाचणी मी २० ऑगस्टला करायला हवी होती. `Hold stock` चा रकानाही रिकामा केला. तो रिकामा असला की साइट स्वतःहून काही रद्द करत नाही. पैसे न आलेल्या ऑर्डरी आता मी रोज रात्री गेटवेच्या यादीशी ताडून बघतो. फॉर्मवर 'माल घेणाऱ्याचा फोन' असा सक्तीचा रकाना वाढवला.

मंगळवारी, ३ सप्टेंबरला खात्यात १,३१८ रुपये १४ पैसे आले. गेटवेचे दोन टक्के म्हणजे २७ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४ रुपये ८६ पैसे कापले गेले. धान्य-डाळीत मला शंभरामागे सात-आठ रुपये सुटतात, तेव्हा ही कपात आधीच हिशेबात धरा. मी हजाराच्या वर घरपोच फुकट ठेवलं होतं, आता ती मर्यादा बाराशे केली आहे.

गूळ बदलून द्यायला गेलो होतो तेव्हा आजींनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे एक यादी लिहून ठेवली होती. गौरींसाठीचं सामान, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक ओळीपुढे वजन. "मला त्या फोनवर दाबायला जमणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही ती तिथे भरा, म्हणजे लेकीला दिसेल मी काय मागवलं ते." सोमवारी वेबहूक जोडून झाल्यावर मी ती यादी ओळीने साइटवर चढवली, लेकीच्या नावाने. ऑर्डर क्रमांक ११९४. पैसे तिने रात्री भरले, फोनवरून, आणि या वेळी मेल तिला लगेच गेला.